बोर्डो मलमाचं चित्र: पाणी दहा लिटर की शंभर?

काटोल तालुक्यातल्या संत्रा बागायतदारांच्या एका गटाने मे महिन्यात आपल्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक माहितीचित्र टाकलं. पावसाळा तोंडावर आला की संत्र्याच्या खोडाला बोर्डो मलम लावायचं, ते कशाचं बनवायचं आणि किती उंचीपर्यंत लावायचं, एवढाच विषय. चित्र नागपुरातल्या एका डीटीपी करणाऱ्या मुलाने केलं होतं. चित्राखालचा मजकूर गटाच्या सचिवांनी आपल्या फोनवर टाइप केला होता. संध्याकाळपर्यंत प्रश्न सुरू झाले. "भाऊ, पानी दहा लिटर हाये का शंभर?" एकाने विचारलं. चित्रात दहा दिसतं, असं दुसरा म्हणाला. तिसऱ्याने खालच्या मजकुराकडे बोट दाखवलं, तिथे शंभर होतं. चौथ्याला चित्रातला आकडा वाचताच येत नव्हता.

सचिवांनी ते सगळं माझ्याकडे पाठवलं. मी नागपुरात शेती आणि आरोग्याची माहितीचित्रं करतो, म्हणजे चित्रावर कोणता मजकूर जाणार, तो किती मोठा असणार आणि चित्रासोबतच्या वर्णनात काय लिहायचं, हे ठरवणं माझं काम. हे प्रकरण सविस्तर मांडतोय, कारण अक्षरं न वाचता येणं आणि वर्णन चित्राशी न जुळणं हे दोन वेगळे दोष इथे एकमेकांत अडकले होते. त्यांतला एक जरी नसता, तरी गोंधळ बराच कमी झाला असता.

दोन्ही आकडे खरे होते

बोर्डो मलम आणि बोर्डो मिश्रण यांत पडणाऱ्या वस्तू त्याच आहेत: मोरचूद आणि कळीचा चुना. फरक पाण्याचा आहे. खोडाला लावायच्या मलमासाठी एक किलो मोरचूद, एक किलो कळीचा चुना आणि दहा लिटर पाणी. फवारणीच्या एक टक्का मिश्रणासाठी तेच एक-एक किलो आणि शंभर लिटर पाणी. म्हणजे चित्रातलं दहा बरोबर होतं आणि मजकुरातलं शंभरही बरोबर होतं, पण दोन वेगळ्या कामांसाठी.

शंभर लिटरचं पातळ मिश्रण ब्रशने खोडाला लावलं तर ते ओघळून जमिनीत जातं. सालीवर थर बसत नाही आणि डिंक्या रोगापासून मिळायला हवं ते संरक्षण मिळत नाही. उलट झालं तर जास्त वाईट. दहा लिटरचं दाट मलम पंपात भरलं तर आधी नोझल तुंबतं, आणि पानांवर पडलंच तर दहापट तीव्रतेचं द्रावण पडतं, पानं करपतात. एका शून्याने एवढं होतं. म्हणून या चित्रात सगळ्यात आधी वाचवायची गोष्ट म्हणजे तो आकडा आणि त्याच्या शेजारी 'खोडाला' की 'फवारणी' हा शब्द.

अक्षर मिलिमीटरमध्ये किती उरलं

मूळ फाइल मागवली तेव्हा कारण लगेच कळलं. ते चित्र मुळात ए-३ आकाराचं पोस्टर होतं. कृषी केंद्राच्या भिंतीवर लावायला केलेलं, आणि तेच जसंच्या तसं १०८० पिक्सेल रुंद करून व्हॉट्सॲपवर सोडलेलं. भिंतीवर ते छान दिसत होतं. ए-३ कागद २९७ मिलिमीटर रुंद असतो. साडेसहा इंची फोनचा पडदा उभा धरल्यावर साधारण ६८ मिलिमीटर रुंद. म्हणजे सगळं चित्र जवळजवळ साडेचार पटींनी लहान झालं. पोस्टरवर प्रमाणाची ओळ १४ पॉइंटमध्ये होती. १४ पॉइंट म्हणजे पाच मिलिमीटरला थोडं कमी. फोनवर ते उरलं सव्वा मिलिमीटरपेक्षाही कमी.

त्यातही हे माप अक्षराचं नसतं, अक्षर बसतं त्या चौकटीचं असतं. देवनागरीत वर वेलांटी, मात्रा, रफार, अनुस्वार आणि खाली उकार, ऋकार यांना जागा सोडावी लागते, त्यामुळे शिरोरेषेपासून खालच्या टोकापर्यंतचं मूळ अक्षर चौकटीच्या साधारण निम्म्यात बसतं, फाँटनुसार थोडं कमी-जास्त. म्हणजे 'लिटर'मधला 'ट' फोनवर पाऊण मिलिमीटरचाही नव्हता. इंग्रजी मजकुरासाठी सांगितलेली मापं मराठीला तशीच लावली की अक्षर बारीक वाटतं, त्याचं कारण हेच.

आणि हे चित्र पूर्ण पडद्यावर उघडल्यावरचं गणित झालं. चॅटमध्ये आधी दिसते ती झलक, जी पडद्याच्या रुंदीच्या जेमतेम पाऊण भागात असते. बरेच जण चित्र उघडतच नाहीत. झलक पाहतात, खालचा मजकूर वाचतात आणि पुढे जातात. नेमका तिथला मजकूर वेगळा होता.

मी एक साधा मापदंड वापरतो. चित्रातलं कुठलंही कामाचं अक्षर त्याच चॅटमधल्या साध्या मेसेजच्या अक्षरापेक्षा लहान नको. माणसाने आपल्या डोळ्याला झेपेल असा फोनचा अक्षर-आकार आधीच ठरवलेला असतो. चित्रातली अक्षरं मात्र त्या सेटिंगला जुमानत नाहीत, म्हणून निदान नेहमीच्या आकाराशी तरी बरोबरी करायची. पिक्सेलमध्ये सांगायचं तर बरेच अँड्रॉइड फोन आपल्या पडद्याची रुंदी ३६० एकक धरतात आणि मेसेजचं अक्षर १६ एककांच्या आसपास असतं. चित्र १०८० पिक्सेल रुंद असेल तर पूर्ण उघडल्यावर तीन पिक्सेलचं एक एकक होतं. म्हणून तिथे किमान ४८ पिक्सेल. झलकीत चार पिक्सेलचं एक एकक होतं, म्हणून झलकीतच वाचता यायला हवं ते ६४ पिक्सेल किंवा त्याहून मोठं. काटोलच्या चित्रात प्रमाणाची ओळ १८ पिक्सेलची होती.

मजकुराचं बजेट

अक्षर तिपटीने मोठं करायचं ठरलं की जुना मजकूर मावणारच नाही, हे उघड आहे. आपल्याकडे यावर नेहमीचा उपाय म्हणजे अक्षर थोडं मोठं करायचं, ओळी थोड्या जवळ आणायच्या आणि चित्र थोडं बाजूला सरकवायचं. या तडजोडीतून कुणाचंच भलं होत नाही. आधी जागा मोजावी आणि मग तेवढाच मजकूर लिहावा.

आम्ही १०८० गुणिले १३५० पिक्सेलचं उभं चित्र धरलं. दोन्ही बाजूंना ७० पिक्सेल समास सोडला तर ओळीला ९४० पिक्सेल उरतात. ६४ पिक्सेलच्या देवनागरी मजकुराची वीस ते पंचवीस अक्षरं त्यात बसतात. दोन ओळींतलं अंतर अक्षराच्या दीडपट हवं, नाहीतर वरच्या ओळीतला 'चु'चा उकार खालच्या ओळीच्या वेलांटीत घुसतो. म्हणजे एका ओळीला ९६ पिक्सेल उंची. वर-खाली मिळून दोनशे पिक्सेल आणि खोडाच्या रेखाटनाला साडेचारशे सोडले की सात ओळी उरतात. सात ओळी, प्रत्येकी फार तर पंचवीस अक्षरं. यात जे बसेल तेच चित्रावर जाईल.

जुन्या पोस्टरवर डिंक्या रोगाची लक्षणं होती, बुरशीचं शास्त्रीय नाव होतं, मलम बनवण्याची कृती होती, गटाच्या पदाधिकाऱ्यांची नावं आणि फोन नंबर होते. सचिवांना यातलं काहीच काढायचं नव्हतं, आणि त्यांचं म्हणणं समजण्यासारखं होतं. लोकांना पूर्ण माहिती मिळावी अशी त्यांची इच्छा होती. मी त्यांना एकच प्रश्न विचारला: "दादा, चित्र गॅलरीत साठवून कुणी पुढे पाठवलं आणि खालचा मजकूर गळाला, तर कोणती माहिती नसल्याने नुकसान होईल?" त्यांनी थोडा विचार केला आणि प्रमाण, उंची, वेळ आणि 'हे फवारायचं नाही' अशा चार गोष्टी सांगितल्या. कृती महत्त्वाची आहेच, पण ती वाचायला माणूस थांबतो, म्हणून ती खालच्या मजकुरात गेली. नावं आणि नंबरही तिथेच.

चित्रावरचा मजकूर तेव्हा असा ठरला:

खोडाला बोर्डो मलम
मोरचूद १ किलो
कळीचा चुना १ किलो
पाणी १० (दहा) लिटर
जमिनीपासून ३ फुटांपर्यंत
पावसाळ्याआधी आणि नंतर
फवारणीसाठी नाही

पहिली ओळ ९६ पिक्सेलची, प्रमाणाच्या तीन ओळी ७२ च्या, बाकीच्या ६४ च्या. एवढे फरक पुरतात. मोठ्या ओळींनी खाल्लेली जागा रेखाटनातून काढली. 'बोर्डो मलम' हे शीर्षक न ठेवता 'खोडाला' हा शब्द आधी घेतला, कारण ज्या शब्दाने मलम आणि मिश्रण यांतला फरक कळतो तो ओळीच्या सुरुवातीला हवा.

आकडा अंकात आणि अक्षरात दोन्ही लिहायचा ही कल्पना बँकेच्या चेकवरून घेतलेली आहे. चेकवर रक्कम दोनदा लिहितात ती एकातली गफलत दुसऱ्याने पकडावी म्हणून. इथेही तेच. झलकीत '१०' पुसट झालं तरी 'दहा' आणि 'शंभर' यांची वळणं इतकी वेगळी आहेत की एकाच्या जागी दुसरं वाचलं जात नाही. मोरचुदाच्या आणि चुन्याच्या 'एक'ला हे केलं नाही. तिथे चूक होण्याचा धोका कमी, आणि सगळीकडे कंस केले की पाण्याचा कंस उठून दिसत नाही.

नारिंगी रंग, फाँट आणि वेलांटी

जुनं पोस्टर नारिंगी पार्श्वभूमीवर पांढऱ्या अक्षरांत होतं. संत्र्याचा विषय म्हटल्यावर नागपुरात दुसरा रंग कुणाला सुचत नाही. रंगाचा कोड होता #F57C00. त्यावर पांढऱ्या अक्षरांचं कॉन्ट्रास्ट गुणोत्तर, म्हणजे अक्षर आणि पार्श्वभूमी यांच्या उजळीचं प्रमाण, २.७ येतं. वेबसाठीच्या सुगम्यता निकषांत साध्या मजकुराला किमान ४.५ आणि मोठ्या मजकुराला किमान ३ सांगितलेलं आहे, म्हणजे हे दोन्हींत नापास. त्याच नारिंगीवर काळी अक्षरं घेतली तर गुणोत्तर ७.८ च्या आसपास जातं. आम्ही नारिंगी फक्त शीर्षकाच्या पट्टीपुरता ठेवला, त्यावर काळी अक्षरं दिली, आणि बाकी मजकूर फिक्या साईच्या रंगावर जवळजवळ काळ्या अक्षरांत घेतला. तिथे गुणोत्तर १६ च्या पुढे गेलं.

हे आकडे खोलीत बसून जास्तच वाटतील. पण हे चित्र बघणारा माणूस मे महिन्यात काटोलच्या बागेत उभा आहे. उन्हात पडद्यावर आकाशाचं प्रतिबिंब पडतं आणि सगळे रंग फिके होतात. शिवाय फोन तापला की स्वतःला वाचवायला तो उजेड आपोआप कमी करतो. विदर्भातल्या दुपारी हे रोज घडतं. त्यामुळे निकषाच्या काठावर पास होणारी जोडी बागेत नापास होते.

रंगाबद्दल आणखी एक गोष्ट. जुन्या पोस्टरवर 'महत्त्वाचे' हा शब्द हिरव्यावर लाल होता. व्हॉट्सॲप चित्र पाठवताना फाइल लहान व्हावी म्हणून ते जेपीईजीमध्ये दाबतं, आणि या दाबण्यात उजेड-काळोखाचा तपशील बऱ्यापैकी जपला जातो, रंगाचा तपशील मात्र निम्म्या बारकाईने साठवला जातो. लाल आणि हिरवा यांची उजळी जवळपास सारखी असेल तर अक्षराची कड फक्त रंगाच्या फरकावर उभी असते, आणि तोच फरक दाबताना पसरतो. अक्षर धुरकट दिसायला लागतं. लाल-हिरव्यातला फरक ज्यांना कमी दिसतो त्यांचा प्रश्न वेगळाच. 'फवारणीसाठी नाही' ही ओळ म्हणून आम्ही लाल केली नाही. काळ्या पट्टीवर पांढऱ्या अक्षरांत घेतली.

फाँट 'मुक्त' नावाचा घेतला. तो युनिकोड आहे, विनामूल्य मिळतो आणि त्यातली जोडाक्षरं लहान आकारातही मोकळी राहतात. वजन मात्र मध्यम ठेवलं. ठळक केलं की वाचायला सोपं जातं, हा समज देवनागरीत एका मर्यादेपर्यंतच खरा आहे. अतिठळक वजनात 'ळ', 'ष', 'श्र' यांच्या आतल्या पोकळ्या बुजतात आणि लहान आकारात नुसता काळा ठिपका उरतो. 'कळीचा'मधला 'ळ' या कसोटीवर घासून पाहिला. सर्वांत ठळक वजनात तो झलकीत ओळखू येत नव्हता, मध्यम वजनात येत होता.

फाइल बाहेर काढल्यावर मी तीन शब्द मोठे करून तपासतो: 'किलो', 'लिटर', 'मिश्रण'. तिन्हींत पहिल्याच अक्षराला ऱ्हस्व वेलांटी आहे. ही वेलांटी टाइप नंतर होते, पण दिसते अक्षराच्या आधी. ज्या सॉफ्टवेअरमध्ये भारतीय लिप्यांची मांडणी चालू केलेली नसते, तिथे ती पुढच्या अक्षरावर जाऊन बसते किंवा जोडाक्षर फुटून पायमोडकं अक्षर दिसतं. फोटोशॉपमध्ये त्यासाठी परिच्छेदाच्या सेटिंगमध्ये वर्ल्ड-रेडी मांडणी निवडावी लागते. शेतीच्या चित्रात हे तीन शब्द असतातच, त्यामुळे तपासायला दुसरं काही शोधावं लागत नाही.

वर्णन का जुळलं नाही

अक्षराचा आकार हा मापाचा प्रश्न होता. वर्णन न जुळण्याचं मूळ कामाच्या पद्धतीत निघालं. डीटीपीवाल्या मुलाने पोस्टर युनिकोड नसलेल्या जुन्या फाँटात टाइप केलं होतं. अशा फाइलमधला मजकूर कॉपी करून व्हॉट्सॲपमध्ये टाकला की रोमन अक्षरांची आणि चिन्हांची रांग येते. म्हणून सचिवांनी तो पुन्हा टाइप केला, आणि टाइप करताना समोर पोस्टर न ठेवता आदल्या वर्षीचा ग्रुपवरचाच एक मेसेज ठेवला. तो मेसेज फवारणीचा होता. शंभर लिटर तिथून आलं. एकच मजकूर दोनदा टाइप झाला की आज नाहीतर उद्या तो दोन वेगळे मजकूर होतो. चूक सचिवांची म्हणणं सोपं आहे, पण जुन्या फाँटाने त्यांना दुसरा मार्गच ठेवला नव्हता.

आकड्यापलीकडेही फरक होते. चित्रात 'मोरचूद' होतं, मजकुरात 'कॉपर सल्फेट'. चित्रात 'मलम', मजकुरात 'पेस्ट', आणि शेवटच्या वाक्यात 'मिश्रण'. माहितगाराला हे सगळं एकच वाटेल. पण जो पहिल्यांदा मलम बनवतोय त्याला या दोन-तीन वेगळ्या वस्तू वाटू शकतात. चित्रातलं रेखाटन तर दोन्हींशी भांडत होतं. ओळ म्हणत होती तीन फूट, आणि रेखाटनात निळा रंग पार फांद्यांपर्यंत गेला होता. शिवाय कोपऱ्यात फवारणीचा पंप काढलेला, कारण तयार चित्रांच्या संग्रहात तोच सापडला. ज्याला अक्षर वाचता येत नाही तो चित्रावर विश्वास ठेवतो. पंप दिसला की फवारायचं आहे असंच तो समजणार.

नवीन कामात आम्ही क्रम उलटा केला. आधी सगळा मजकूर एका साध्या युनिकोड फाइलमध्ये लिहिला: चित्रावरच्या सात ओळी, त्याखाली सोबतचा मजकूर, त्याखाली ऑल्ट टेक्स्ट, म्हणजे चित्र न दिसणाऱ्यासाठी त्याचं लेखी वर्णन. तो गटाच्या कृषी पदवीधर सदस्याने तपासला आणि मगच चित्र करायला घेतलं. चित्रावरचं प्रत्येक अक्षर या फाइलमधून कॉपी झालं, काहीही नव्याने टाइप झालं नाही. बदल सुचला तर आधी फाइलमध्ये, मग बाकी ठिकाणी.

सोबतच्या मजकुराच्या सुरुवातीला चित्रावरच्या सातही ओळी त्याच शब्दांत आणि त्याच क्रमाने आल्या. त्यानंतर कृती: मोरचूद पाच लिटर पाण्यात वेगळं विरघळवायचं, चुना उरलेल्या पाच लिटरमध्ये वेगळा विझवायचा, विझताना तो उकळतो म्हणून तोंड लांब ठेवायचं, गार झाल्यावर दोन्ही एकत्र करायचे. भांडं प्लास्टिकचं किंवा मातीचं, लोखंडाचं नाही. तयार मलमात लोखंडी खिळा बुडवून पाहायचा. त्यावर तांबूस थर चढला तर चुना कमी पडलाय, आणखी घालायचा. मलम त्याच दिवशी वापरून संपवायचं. पहिल्याच उल्लेखात 'मोरचूद (दुकानात कॉपर सल्फेट म्हणून मिळतं)' असं लिहिलं आणि पुढे सगळीकडे फक्त मोरचूद. '१०' आणि 'लिटर' यांच्यामध्ये न तुटणारी मोकळी जागा टाकली. फोनच्या अरुंद पडद्यावर ओळ कुठेही तुटते, आणि '१०' ओळीच्या शेवटी आणि 'लिटर' पुढच्या ओळीत गेलं की वाचताना डोळा चुकतो.

गटाचं फेसबुक पान आणि छोटं संकेतस्थळही आहे, तिथे ऑल्ट टेक्स्ट वेगळा देता येतो. ज्याला दिसत नाही त्याचा फोन तो वाचून दाखवतो, आणि नेट मंद असेल, चित्र उघडलंच नाही, तरी संकेतस्थळावर त्या जागी तो दिसतो. आधी तिथे 'बोर्डो पेस्टबद्दल माहिती देणारे चित्र' एवढंच होतं. माहितीबद्दल सांगितलं, पण माहिती नाही. त्याजागी संकेतस्थळासाठी सुरुवातीला असं लिहिलं:

```html
<img src="bordo-malam.png"
 alt="संत्र्याच्या खोडाला ब्रशने निळसर मलम
 लावणारा हात. मलम जमिनीपासून तीन फुटांपर्यंत.
 मजकूर: खोडाला बोर्डो मलम. मोरचूद एक किलो,
 कळीचा चुना एक किलो, पाणी दहा लिटर.
 जमिनीपासून तीन फुटांपर्यंत. पावसाळ्याआधी
 आणि नंतर. फवारणीसाठी नाही.">
```

इथे आकडे अक्षरात लिहिले. प्रमाण १:१:१० असं लिहिलं तर वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर ते घड्याळातल्या वेळेसारखं वाचू शकतं, आणि 'कि.', 'लि.' अशी लघुरूपं ऐकताना कळत नाहीत. रेखाटनही पुन्हा केलं: पंप गेला, ब्रश आला, निळा रंग तीन फुटांवर थांबला आणि शेजारी उंचीची रेघ आली.

जुळणी तपासायला दोन माणसं लागतात. एकाने ऑल्ट टेक्स्ट मोठ्याने वाचायचा, दुसऱ्याने चित्रावर त्या-त्या गोष्टीवर बोट ठेवायचं. बोट ठेवायला जागा सापडली नाही तर वर्णनात जास्तीचं आहे, आणि वाचन संपल्यावर चित्रातलं काही बोटाविना उरलं तर वर्णनात कमी आहे. आमच्या पहिल्या फेरीत उंचीची रेघ उरली. तेव्हा वर्णनात हाताचा आणि ब्रशचा उल्लेख होता, उंचीचा नव्हता.

उन्हातली चाचणी

"वाचता येतं का?" असं कुणालाही विचारू नये. समोरचा सभ्यपणे हो म्हणतो. आम्ही चित्र आधी एका फोनवरून दुसऱ्यावर पाठवलं, तिथे गॅलरीत साठवून तिसऱ्यावर पाठवलं, म्हणजे ते तितक्या वेळा दाबलं गेलं. मग तो तिसरा फोन, जुना आणि स्वस्तातला, बागेच्या बांधावर एका बागायतदार काकांच्या हातात दिला. त्यांना चाळीशी लागलेली, आणि चष्मा घरी. चित्र न उघडता, झलकीवरच, विचारलं: "काका, पाणी किती घेसान?" त्यांनी फोन हातभर लांब धरला आणि म्हणाले, "दहा." "अन् हे पंपात भरता येते का?" "नाही ना, खोडाले हाये म्हनते इथं." दोन्ही उत्तरं कामाची होती, कारण दोन्ही मजकूर वाचूनच देता येणारी होती.

अडखळले ते दुसरीकडेच. शेवटची काळी पट्टी त्यांना झलकीत दिसलीच नव्हती, 'खोडाला' वाचून त्यांनी उत्तर दिलं होतं. त्या फोनवर उभ्या चित्राची खालची कड झलकीत कापली जात होती. म्हणून 'फवारणीसाठी नाही' ही ओळ तळातून उचलून शीर्षकाच्या लगेच खाली आणली. तळाला 'पावसाळ्याआधी आणि नंतर' गेली. ती झलकीत कापली गेली तरी चित्र उघडल्यावर मिळते, आणि तोवर कुणी चुकीचं प्रमाण बनवत नाही. फाइलमधला क्रम बदलला, मग सोबतचा मजकूर, मग ऑल्ट टेक्स्ट.

फवारणीच्या मिश्रणाचं चित्र स्वतंत्र केलं. दोन्ही एकाच चित्रात शेजारी-शेजारी द्यावीत अशी सूचना आली होती, म्हणजे फरक समजेल. पण तसं केलं तर ओळीची रुंदी निम्मी होते आणि दहा-शंभर पुन्हा एकमेकांशेजारी, बारीक अक्षरात येतात. मिश्रणाच्या चित्राची पट्टी निळी आणि रेखाटनात पंप, पाणी १०० (शंभर) लिटर, आणि शीर्षकाखाली 'खोडाला लावण्यासाठी नाही'. ग्रुपवर दोन्ही एकाच दिवशी टाकायची नाहीत असंही ठरलं. एका पाठोपाठ टाकलेली चित्रं फोनवर लहान चौकटींत एकत्र दिसू शकतात, आणि मग ६४ पिक्सेलचं गणितही पुरत नाही.

जुनं चित्र अजून फिरतंय. ते परत घेता येत नाही, म्हणून नव्या चित्राच्या वरच्या कोपऱ्यात 'सुधारित' आणि महिना-वर्ष घातलं, आणि जुन्यात नारिंगीवर पांढरी अक्षरं आहेत हे ग्रुपवर सांगितलं, म्हणजे ओळखता येईल.

नवीन चित्रावर पाण्याचा प्रश्न कुणी विचारला नाही. प्रश्न आला तो चुन्याचा: "पाकिटातली चुन्याची भुकटी चालंल का जी?" ती भुकटी म्हणजे आधीच विझवलेला चुना, वजनाच्या मानाने त्याचा जोर कमी, म्हणून तो एक किलोत भागत नाही. चित्रावर 'कळीचा' हा शब्द होता आणि वाचताही येत होता, पण विचारणाऱ्याला भुकटी आणि खडे यांतला फरक माहीत नव्हता. चित्रात आणखी एक ओळ मावत नव्हती. त्यामुळे रेखाटनात ब्रशच्या शेजारी चुन्याचे खडे काढले, सोबतच्या मजकुरात 'खडे असलेला, न विझवलेला' असं एक वाक्य वाढवलं, आणि ऑल्ट टेक्स्टच्या पहिल्या ओळीत 'शेजारी चुन्याचे खडे' एवढे शब्द घातले.